पुरात डेटा गेला: गाईडना कोणतं वेळापत्रक सुचवाल?

ओढ्यातल्या नमुन्यांच्या फेऱ्या चालू असताना पुरात डेटा गेला की गाईडना दोन प्रकारचे ईमेल लिहिले जातात. एकात उरलेल्या फेऱ्या दाटीवाटीने उरकून ठरल्या तारखेला काम संपवण्याची तयारी दाखवलेली असते. दुसऱ्यात ओढा सावरेपर्यंत थांबून, मग जुन्याच अंतराने फेऱ्या करायची परवानगी मागितलेली असते. पहिला ईमेल वाचून गाईडना बरं वाटतं, पण विश्लेषणाला बसल्यावर बहुधा दुसरा उपयोगी पडतो.

एक उदाहरण घेऊ. ओढ्याला एक नाला मिळतो. संगमाच्या वर चार ठिकाणं, खाली चार. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक ठिकाणी तळातल्या कीटकांचे तीन नमुने, अशा दहा फेऱ्या ठरल्या होत्या. सहा झाल्या आणि बाराव्या आठवड्यात, सातव्या फेरीच्या तोंडावर, पूर आला. खालच्या बाजूचे तापमानाचे दोन लॉगर वाहून गेले. त्यांतला डेटा चौथ्या फेरीनंतर उतरवलेला नव्हता. सहाव्या फेरीच्या चोवीस बाटल्या शेडमध्ये भिजल्या. त्यांतल्या नऊ बाटल्यांवरची मार्करची अक्षरं पुसली गेली, कारण अल्कोहोल सांडलं की मार्करची शाई टिकत नाही. ज्यांच्या आत पेन्सिलीने लिहिलेली कागदी चिठ्ठी होती, त्या पंधरा वाचल्या. शिवाय खालच्या एका ठिकाणचा, ‘ख-३’चा, दगडगोट्यांचा तळ वाळूखाली गाडला गेला.

दाटीचा पर्याय असा: चौदाव्या आठवड्यात पाणी ओसरलं की पंधरा ते अठरा, दर आठवड्याला एक फेरी. दहाचा आकडा भरतो, मुदतही पाळली जाते. पण पुराने तळ खरवडून निघालेला असतो. कीटक परतायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. त्या चार फेऱ्यांत तुम्ही नाल्याचा परिणाम नव्हे, पुरानंतरची पुनर्वसाहत मोजत असता. आणि सात दिवसांच्या अंतराने घेतलेले नमुने एकमेकांशी इतके जोडलेले असतात की चार फेऱ्या म्हणजे चार स्वतंत्र पुरावे धरता येत नाहीत. आकडा भरतो, माहिती तेवढी वाढत नाही.

थांबण्याचा पर्याय: अठराव्या आठवड्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने चार फेऱ्या, म्हणजे काम चोविसाव्या आठवड्यात, सहा आठवडे उशिरा संपतं. मधल्या काळात वर एक आणि खाली एक अशा दोनच ठिकाणी पाहणी करायची. दगडांवर शेवाळाचा थर परत धरलाय का, लागोपाठच्या दोन भेटींत कीटकांची संख्या साधारण स्थिरावली आहे का, हे बघायचं. नसेल तर सुरुवात आणखी पुढे जाईल, हेही ईमेलमध्ये आधीच लिहावं. याची किंमत म्हणजे ऋतू बदलतो. त्यामुळे पुराआधीचा आणि नंतरचा डेटा एका सलग रेषेत जोडता येत नाही, दोन वेगळे गट धरावे लागतात.

मग निवड कशावर करायची? तुमच्या प्रश्नावर. ‘संगमाच्या वर आणि खाली फरक आहे का’ असा प्रश्न असेल तर तुलना त्याच दिवशीच्या दोन बाजूंत होते. मधली फेरी हुकली तरी ती टिकते, म्हणून थांबणंच बरं. ‘हंगामभर बदल कसा होतो’ असा प्रश्न असेल तर हुकलेले आठवडे कोणताच पर्याय परत आणत नाही. तिथे पुढच्या वर्षी त्याच आठवड्यांत फेऱ्या करायची मागणी प्रामाणिक ठरते. दाटीचा पर्याय मी एकाच परिस्थितीत सुचवेन: मुदत खरोखर हलत नसेल आणि पुरानंतरची पुनर्वसाहत हाच वेगळा प्रश्न म्हणून मांडायची तयारी असेल तेव्हा.

एक गोष्ट दोन्ही पर्यायांत सारखीच नडते. नुकसान दोन्ही बाजूंना सारखं झालेलं नाही: लॉगर गेले ते खालचे, गाडलं गेलेलं ठिकाणही खालचंच. उरलेल्या डेटावर नुसतं पुढे गेलात तर तुलनेची एक बाजू लंगडी पडते. वाळूखालच्या ‘ख-३’ऐवजी नवं ठिकाण घ्यायचं असेल तर त्याला ‘ख-५’ म्हणा. जुना क्रमांक देऊ नका, नाहीतर ठिकाण बदललं होतं हे सहा महिन्यांनी कुणालाच कळणार नाही. त्या नऊ बाटल्यांचं ठिकाणही अंदाजाने ठरवू नये.

ईमेलचा गाभा एवढाच असावा:

‘सर, पुरामुळे सातवी फेरी झाली नाही. खालच्या दोन ठिकाणांचं चौथ्या फेरीनंतरचं तापमान आणि सहाव्या फेरीच्या २४ पैकी ९ नमुन्यांची ओळख गेली आहे. पहिल्या पाच फेऱ्यांचे नमुने शाबूत आहेत. ख-३ वाळूखाली गेल्यामुळे ख-५ घ्यावं असं वाटतं. तळ स्थिरावल्यावर, अंदाजे अठराव्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी एक अशा चार फेऱ्या कराव्यात असा प्रस्ताव आहे. काम सहा आठवडे लांबेल; तोवर तळ स्थिरावला नाही तर सुरुवात आणखी पुढे जाईल. वर-खाली तुलना करता येईल, हंगामी कल मात्र मांडता येणार नाही. दोन नवे लॉगर आणि ख-५ यांबद्दल आपला निर्णय या आठवड्यात मिळाला तर पाहणीच्या वेळीच ते बसवता येतील.’

दाटीचं वेळापत्रक याच ईमेलखाली एका ओळीत, नाकारण्याच्या कारणासह द्यावं. गाईडचा पहिला प्रश्न बहुतेक तोच असतो.