प्रोफॉर्मा, कमर्शियल की टॅक्स इन्व्हॉइस: कुठला कागद कधी?

तिन्हींवर माल, नग, दर आणि एकूण रक्कम असते, त्यामुळे नुसतं शीर्षक बदलून काम भागेल असं वाटतं. तसं होत नाही, कारण प्रत्येक कागद वाचणारा वेगळा असतो.

समजा, परदेशातल्या ग्राहकाला २०० पंप हवेत, ४५ डॉलरला एक. व्यवहार अजून ठरायचाय. अशा वेळी ९,००० डॉलरची प्रोफॉर्मा द्यायची. हा तपशीलवार, मुदत घातलेला भाव आहे. ग्राहक तो बँकेला दाखवून आगाऊ रक्कम पाठवतो किंवा एलसी, म्हणजे ठरलेली कागदपत्रं जुळली की पैसे देण्याची बँकेची हमी, उघडतो. तुमच्या वहीत मात्र ती विक्री धरायची नाही. सौदा फिसकटला तर क्रेडिट नोटसुद्धा लागत नाही.

तरी प्रोफॉर्मा घाईत लिहू नका. एलसीत मालाचं वर्णन बहुतेकदा तिच्यातूनच उतरतं, आणि पुढच्या इन्व्हॉइसमधलं वर्णन एलसीशी जुळावंच लागतं.

आता १८० पंपच तयार झाले. माल टप्प्याटप्प्याने पाठवायला एलसीत मनाई असेल, तर आधी एलसीत दुरुस्ती करून घ्यायची. मग ८,१०० डॉलरची कमर्शियल इन्व्हॉइस मालासोबत जाते. ती कस्टम्स वाचतं, म्हणून तिच्यात मालाचा वर्ग सांगणारा एचएस कोड, मालाचा मूळ देश, चलन आणि डिलिव्हरीची अट हवी. एफओबी की सीआयएफ हे लिहिलं नाही, तर दरात जहाजभाडं आणि विमा धरलाय का हे अधिकाऱ्याला कळत नाही, आणि ड्यूटी कशावर लावायची हा प्रश्न उभा राहतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मालासोबत प्रोफॉर्माचीच प्रत जोडणं. कागदावर २००, पेट्यांत १८०, मग माल अडकणारच. बँकही एलसीखाली ‘प्रोफॉर्मा’ लिहिलेली इन्व्हॉइस स्वीकारत नाही.

टॅक्स इन्व्हॉइस लागते ती मुख्यतः देशातल्या देशात, जिथे जीएसटी किंवा व्हॅट आहे तिथे. विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक, ओळीने येणारा बिल क्रमांक, कराचा दर आणि कराची रक्कम हे तिचं खरं अंग. त्याच्याच आधारावर खरेदीदार भरलेला कर आपल्या देण्यातून वजा करतो. प्रोफॉर्मावर कर दाखवलात तरी त्याला ही वजावट मिळत नाही. उलट, प्रोफॉर्मावर आगाऊ पैसे घेतलेत तर बऱ्याच देशांत त्या रकमेवरचा कर तेव्हाच देय होतो. ही गोष्ट विक्रेते सर्रास विसरतात.

निर्यातीवर सहसा शून्य दराने कर असतो. काही देशांत आवश्यक तपशील भरलेला एकच कागद टॅक्स आणि कमर्शियल, दोन्ही इन्व्हॉइस म्हणून चालतो.

फुकट नमुने पाठवतानाही कमर्शियल इन्व्हॉइसच द्या आणि रकमेच्या जागी शून्य लिहू नका. खरी किंमत टाकून ‘फक्त कस्टम्ससाठी’ असा शेरा मारा.