तंजावर पेंटिंग "दीडशे वर्षं जुनं" म्हणून विकत असतील तर आधी पाठ उघडायला लावा

सोनं बघून चित्राचं वय कळत नाही. हे सगळ्यात आधी सांगते कारण आम्हाला जे चित्र एक लाख ऐंशी हजारांना विकलं गेलं ते दुकानदाराने मुख्यतः सोन्यावर विकलं. बघा मॅडम अजून कसं चमकतंय, आजकालचं सोनं असं राहत नाही, हे वाक्य त्याने तासाभरात कितीतरी वेळा ऐकवलं. खरी गोष्ट अशी की शुद्ध सोन्याचा वर्ख शंभर वर्षांनी पण पिवळाच राहतो आणि काल लावलेला पण पिवळाच दिसतो. काळवंडतो तो पितळी किंवा तांबं मिसळलेला नकली वर्ख. म्हणजे चमकेवरून फार तर वर्ख खरा आहे का याचा अंदाज येईल, चित्र जुनं आहे का याचा अजिबात नाही.

दुकान तंजावरातच, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे नेहमीची नवी चित्रं, लहान मूर्त्या, चाव्यांच्या रिंगा, आणि आत एक वेगळी खोली जिथे "जुना माल" ठेवलेला. दादा-वहिनीच्या नवीन घरासाठी बघत होतो. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकल्यावर त्याने लगेच हिंदीत सुरू केलं की अरे तुम्ही तर आमच्या राजांचे लोक, हे सरफोजी महाराजांच्या काळातलं आहे, चेट्टिनाडच्या एका वाड्यातून निघालंय, घरच्यांनी वाटणीत विकलं. मराठी माणसाला हे ऐकून बरं वाटतंच, आणि तंजावरात मराठ्यांचं राज्य 1676 पासून 1855 पर्यंत होतं, दुसरे सरफोजी 1798 ते 1832 गादीवर होते, या चित्रांना त्यांच्या दरबाराचा मोठा आश्रय होता हे सगळं खरं आहे. फक्त हिशोब करा, 1832 च्या आधीचं चित्र दीडशे नाही, एकशे नव्वदच्या वर वर्षांचं असायला हवं. हे दादाने विचारलं तर तो म्हणाला दीडशे-दोनशे एकच, आमच्याकडे असंच बोलतात.

चित्र म्हणजे लोण्याचा गोळा हातात घेतलेला बाळकृष्ण, दोन बाजूंना दोन स्त्रिया, वर कमान आणि पडदे, साधारण दोन फूट बाय दीड. काळपट सागवानी फ्रेम, पुढे काच, मागे तपकिरी कागद पूर्ण चिकटवलेला. कागद काढून दाखवा म्हटलं तर म्हणाला ओरिजिनल सील आहे, तोडलं की किंमत जाते. हे वाक्य लक्षात ठेवा. जुन्या चित्राला असलं कुठलं सील नसतं, उलट जाणकार गिऱ्हाईक आधी पाठच बघतं.

इकडे आल्यावर काही महिन्यांत पावसाळ्यात काचेच्या आतून एका कोपऱ्यात बारीक भुगा पडलेला दिसला म्हणून वहिनीच्या मैत्रिणीला बोलावलं, ती मुंबईत चित्रांचं संवर्धन करते. तिने टेबलावर चादर टाकून चित्र पालथं ठेवलं, कागद सोडवला आणि अर्ध्या तासात सगळं उघडं पडलं. तिने काय काय बघितलं ते नीट लिहिते, कारण यातलं बरंचसं कोणालाही घरी किंवा दुकानात बघता येतं.

आधी चित्र बनतं कसं ते माहीत पाहिजे. फणसाच्या किंवा सागाच्या फळ्या जोडून पाट करतात, त्यावर चिंचोक्याच्या खळीने नाहीतर डिंकाने कापड चिकटवतात, कापडावर खडूची किंवा चुनखडीची पूड आणि डिंक याचे थर देऊन घासून गुळगुळीत करतात. मग रेखाटन, मग दागिने, खांब, कमान जिथे उठाव हवा तिथे तोच लेप घट्ट करून चढवतात, त्यात काचेचे खडे बसवतात, वर वर्ख, आणि रंग शेवटी. आता नवीन कामात पाटाच्या जागी प्लायवूड, डिंकाच्या जागी फेव्हिकॉल किंवा तसलाच पांढरा गोंद, आणि पोस्टर नाहीतर अ‍ॅक्रिलिक रंग असतात. यात वाईट काहीच नाही, चांगल्या कारागिराचं असं नवीन चित्र सुंदर असतं आणि ते नवीन म्हणून नव्याच्या भावात घ्यावं. आमच्या चित्राएवढं नवीन काम बाहेरच्या खोलीत पंचवीस हजाराला लावलेलं होतं.

तर पाठ. कागदाखाली जुन्या लाकडाच्या पट्ट्या दिसल्या, काळ्या पडलेल्या, किड्यांची भोकं असलेल्या, आणि आम्हाला क्षणभर वाटलं की चित्र खरंच जुनं निघालं. पण तिने बोट ठेवून दाखवलं की भोकांच्या बाजूला लाकडावर नागमोडी उघड्या चऱ्या आहेत. किडा लाकूड आतून पोखरतो, पृष्ठभागावर फक्त बाहेर पडायचं गोल भोक दिसतं, त्याचा बोगदा आतच असतो. बोगदा उघडा पडलेला दिसला याचा अर्थ लाकूड आधी पोखरलं गेलं आणि नंतर कोणीतरी ते चिरलं. म्हणजे जुन्या दाराची किंवा तुळईची फळी आणून तिच्या पातळ पट्ट्या काढून मागे लावल्या. मग तिने फ्रेम सोडवली आणि कडा दिसली, पट्ट्यांच्या पुढे सरळ प्लायवूड, एकावर एक थर स्पष्ट मोजता येतील असे, आणि कडेला तपकिरी पॉलिश फासलेलं. फ्रेम मात्र खरी जुनी होती. तिच्या आतल्या खाचेत जुन्या पाटाचा डाग होता, पण तो पाट आत्ताच्यापेक्षा बराच जाड होता आणि डाग आणि चित्राची कड कुठेच जुळत नव्हती. खिळे काढले ते नवे कोरे, कारखान्यातले.

दुसरी गोष्ट तडे. दुकानदाराने तडे दाखवूनही वय सांगितलं होतं, आणि तडे होतेही भरपूर, कृष्णाच्या अंगावर, पडद्यांवर, सगळीकडे सारख्या आकाराची बारीक जाळी. खरा लाकडी पाट ऋतूंप्रमाणे फुगतो आणि आकसतो, पण रेषांच्या आडव्या दिशेनेच, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे खऱ्या जुन्या चित्रात मोठे तडे लाकडाच्या रेषांना धरून जातात, फळ्यांच्या जोडावर एक लांब तडा हमखास सापडतो, आणि तो रंग, लेप, वर्ख सगळ्यांतून आरपार गेलेला असतो. एखाद्या खांबाच्या उठावाचे दोन तुकडे झालेले दिसतात. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून ते असं हलत नाही. आमच्या चित्रातली जाळी फक्त वरच्या वार्निशमध्ये होती. दहा पट भिंगातून बघितलं की तडा रंगावर येऊन थांबतो, आणि सोन्याच्या उठावावर तर एकही तडा नाही. तड्यांत भरलेला काळेपणा पण एकसारखा, फडक्याने चोळून पुसल्यावर राहतो तसा. खरी धूळ आणि दिव्याची काजळी उठावाच्या खाली सावलीच्या बाजूला, खड्यांच्या भोवती साठते, वर आलेल्या भागावर कमी असते.

तिसरी परीक्षा त्या पडलेल्या भुग्याची झाली. वाटाण्याएवढा लेपाचा तुकडा सुटला होता, तिने तो वाटीत पाण्यात टाकला. डिंक किंवा खळीने बांधलेला खडूचा लेप पाण्यात हळूहळू सुटतो आणि खाली गाळ बसतो. आमचा तुकडा तसाच राहिला, थोडा दुधी पांढरा झाला आणि चिमटीत दाबला तर रबरासारखा वाकला. तो पांढरा गोंद. ही परीक्षा फक्त आपोआप पडलेल्या कणावर करायची, चित्रावर पाणी लावायचं नाही, कारण चित्र खरंच जुनं असेल तर तुम्ही ते कायमचं खराब कराल.

शेवटी खोलीत अंधार करून तिने अतिनील टॉर्च मारला, 365 नॅनोमीटरचा, ऑनलाइन मिळतो. कडेला लेपाखालून डोकावणारं कापड निळसर पांढरं लख्ख चमकलं. कापड पांढरं दिसावं म्हणून जी रसायनं घालतात ती गेल्या शतकाच्या मध्यानंतरची आहेत, साबणाच्या पावडरीतही असतात, त्यामुळे लेपाच्या आत दाबलेलं कापड असं चमकलं की प्रश्न मिटला. हे बाहेरच्या अस्तरावर बघून उपयोग नाही, अस्तर कोणीही नंतर बदललेलं असू शकतं. पांढऱ्या रंगाचंही तसंच. टायटॅनियमचा पांढरा बाजारात आला तो पहिल्या महायुद्धाच्या आसपास, तेव्हा तो सापडला तर सरफोजींचा काळ बाद. पण जुन्या चित्रांची दुरुस्ती सर्रास होते, म्हणून एका ठिगळात सापडला म्हणून चित्र नकली ठरवू नका, चेहरा, कपडे, पार्श्वभूमी अशा वेगवेगळ्या जागा प्रयोगशाळेत तपासायला लागतात.

आता सर्टिफिकेटबद्दल, कारण सगळ्यात जास्त चीड मला त्याची आली. त्याने आम्हाला पुरातत्त्व खात्याचं नाव आणि शिक्का असलेला एक कागद लॅमिनेट करून दिला, हे सरकारी प्रमाणपत्र म्हणून. कागद इंग्रजीत, बारीक टायपात, आणि तो होता वस्तू पुरावशेष नाही असं सांगणारा दाखला. परदेशी नेणाऱ्यांना असा दाखला काढावा लागतो, कारण 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे वस्तू शंभर वर्षांची नाही असं सांगणारा कागद दाखवून त्याने दीडशे वर्षांचे पैसे घेतले. याच कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि अशा जुन्या चित्रांची नोंदणी असते. खरंच जुनं आहे म्हणणाऱ्याला आधी परवाना आणि नोंदणीचा दाखला मागा. तो म्हणाला तर "कागद नंतर कुरिअरने पाठवतो", पैसे पण नंतरच द्या.

बिलावर त्याने फक्त "हॅण्डीक्राफ्ट पेंटिंग" लिहिलं होतं, वय नाही, काळ नाही. आता फोनवर म्हणतो आम्ही जुनं कधी म्हटलंच नाही. पण पैसे भरायच्या आधी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना स्वतःच लिहिलं होतं, दीडशे वर्षं जुनं, अस्सल, आणि ते मेसेज दादाने जपून ठेवलेत. त्यावरच ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, तंजावरला जावं लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीसोबत संवर्धकाचा लेखी अहवाल, प्लायवूडच्या कडेचे आणि उघड्या चऱ्यांचे फोटो, तो लॅमिनेट केलेला कागद आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जोडलेत. सुनावणीची तारीख अजून यायची आहे. ज्यांनी याच तऱ्हेने मागच्या खोलीतून चित्र घेतलंय त्यांनी आधी पाठीमागचा कागद सोडवताना फोटो काढत जा, कागद फेकू नका, आणि सुटलेला प्रत्येक तुकडा तारीख टाकून डबीत ठेवा.