भाडं-पगार वाटायचा कसा: विक्रीवर की कामाच्या तासांवर?

समजा, राजारामपुरीतल्या दुकानात महिन्याला ३०० किलो भडंग २०० रुपयांनी आणि ३,००० वडे २० रुपयांनी खपतात. दोन्हीची विक्री ६०,०००. भाडं आणि पगार मिळून ४०,०००. विक्रीतले २० टक्के नफा म्हणून उरायला हवेत.

विक्रीच्या प्रमाणात वाटलं तर दोघांवर वीस-वीस हजार. भडंगाचा कच्चा माल ३६,०००, म्हणजे किलोला खर्च १८७. भाव २३३ हवा. वड्याचा माल २४,०००, खर्च १४.६७, भाव १८ रुपये ३३ पैसे पुरतो. हिशेब पाच मिनिटांत होतो, पण भडंग महाग करून गिऱ्हाईक घालवायला सांगतो.

आता हजेरीच्या वहीत कोण किती तास कशावर होतं ते लिहा. भडंग एकदा परतून डब्यात भरलं की झालं. वड्याला बटाटे उकडण्यापासून कढईपाशी उभं राहण्यापर्यंत माणूस लागतो. एकूण तासांपैकी तीन चतुर्थांश वड्याचे निघाले, तर त्याच्यावर ३०,००० येतात. खर्च १८, भाव साडेबावीस. भडंग मात्र १९२ लाही परवडतं.

मला दुसरी पद्धत पटते. फक्त भाडं तासांवर वाटणं ओढूनताणूनच आहे. ते कशाला किती जागा लागते त्यावर वाटलेलं बरं.

वाया गेलेल्याचं म्हणाल, तर माल तळलेल्या ३,२०० वड्यांचा धरा, पण भागा विकलेल्या ३,००० नं. आणि भाव काढताना १८ च्या खर्चावर २० टक्के चढवू नका, ०.८ नं भागा, नाहीतर २१.६० येतात आणि विक्रीतले जेमतेम १६.७ टक्के उरतात.