शेवटचा वर्ग उघडा असेल, तर मध्य काढावा की मध्यक?

महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचे चार टप्पे असतात: ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० च्या वर. समजा, एका सोसायटीतल्या ६० घरांची या टप्प्यांतली विभागणी अनुक्रमे १८, २८, ११ आणि ३ अशी आहे. प्रत्येक घराचा नेमका आकडा हाताशी नाही. सोसायटीतला ‘साधारण वापर’ सांगायचा तर मध्य काढावा की मध्यक?

मध्याची रीत सरळ आहे. वर्गमध्य ५०, २००.५, ४००.५ घ्यायचे आणि वारंवारतेने गुणायचे. पहिल्या तीन वर्गांची बेरीज १०,९१९.५ येते. अडचण चौथ्या वर्गात आहे. ‘५०० च्या वर’चा वर्गमध्य किती मानायचा? ६०० धरला तर मध्य २१२ येतो, ९०० धरला तर २२७ आणि १२०० धरला तर २४२. उरलेली ५७ घरं जागची हलली नाहीत, तरी तीन घरांबद्दलच्या अंदाजाने उत्तर ३० युनिटनी सरकलं. आकडेमोड बिनचूक असूनही ते कोणाला पटवून देता येत नाही, आणि मला मध्य इथेच नकोसा होतो.

मध्यकाला त्या तीन घरांची फक्त संख्या लागते. ६० चे निम्मे ३०. संचित वारंवारता १८, मग ४६, म्हणजे मध्यक १०१–३०० या वर्गात. वर्ग सलग करून घेतले की खालची मर्यादा १००.५ आणि रुंदी २०० होते. आधीच्या वर्गापर्यंत १८ घरं झाली, अजून १२ हवीत, आणि या वर्गात २८ आहेत. म्हणून १००.५ + (१२ ÷ २८) × २०० = सुमारे १८६. वर्गांची रुंदी असमान असली तरी बिघडत नाही, कारण सूत्रात याच एका वर्गाची रुंदी येते.

हमखास चूक होते ती संचित वारंवारतेत. आधीच्या वर्गाच्या १८ ऐवजी याच वर्गाची ४६ घेतली, तर उत्तर उणे येतं. उत्तर १००.५ ते ३००.५ च्या बाहेर गेलं, की आधी तिथेच बघावं.

मध्यकही निर्दोष नाही. ती २८ घरं वर्गात समान पसरली आहेत असं आपण गृहीत धरतो. त्यातली २२ घरं २०० च्या आत निघाली, तर मध्यक १५५ वर उतरतो. मध्य त्यामानाने १३ युनिटच घसरतो, हे त्याच्या बाजूने मान्य करायला हवं. मात्र मध्यक कितीही चुकला तरी १०१ ते ३०० च्या बाहेर जाणार नाही. मध्याला वरची हद्दच नाही.

सौर पॅनेलसाठी एकूण खप हवा असेल, तर मध्यच लागेल, कारण मध्य × ६० म्हणजे एकूण युनिट. पण सगळ्या बिलांची बेरीज मिळत असेल, तर तिला ६० ने भागावं. मग सारणीवरून अंदाज बांधायची गरजच नाही. बेरीज मिळत नसेल आणि शेवटचा वर्ग उघडा असेल, तर मी तरी मध्यकच लिहीन, आणि शक्य झालं तर १०१–३०० चे दोन भाग करून घरं पुन्हा मोजून घेईन.