आठ महिने एकच टायटल-डिस्क्रिप्शन वापरून बघितलं, त्याचा अनुभव (स्पोकन इंग्लिश, नोकरीवाल्यांसाठी)

मी पुण्यात राहते, आधी एका कॉल सेंटरमध्ये ट्रेनर होते, आता घरून नोकरी करणाऱ्यांसाठी ऑनलाइन स्पोकन इंग्लिश घेते. छोटंच काम आहे, एका वेळी दोन बॅच. आठ महिन्यांपूर्वी क्लासच्या लँडिंग पेजचं गूगलवर दिसणारं टायटल आणि त्याखालच्या दोन ओळी, म्हणजे डिस्क्रिप्शन, बदलल्या होत्या आणि तेव्हाच ठरवलं की आता सारखं सारखं हात लावायचा नाही, राहू दे आणि बघू काय होतं.

पहिलं पेज मी स्वतःच एका रात्रीत केलं होतं. टायटल होतं "ऑनलाइन इंग्लिश स्पीकिंग कोर्स | ३० दिवसांत फाडफाड इंग्रजी | बेस्ट क्लास" आणि खाली "घरबसल्या शिका, अनुभवी शिक्षक, सोपी पद्धत, १०० टक्के रिझल्ट, आजच प्रवेश घ्या!" आता वाचलं की हसू येतं पण खरं सांगते याने फोन भरपूर यायचे. पण कोणाचे? बारावी झालेली मुलं, मुलीला शाळेतल्या इंग्रजीसाठी क्लास हवा असलेल्या आया, दुपारी २ ची बॅच आहे का विचारणारे. आणि जे नोकरीवाले यायचे ते बरोब्बर तिसाव्या दिवशी विचारायचे, मॅडम फाडफाड कुठंय? त्यांचं चुकलं नव्हतं, मीच तसं लिहिलं होतं. दोघांचे पैसे परत केले आणि मग बसले लिहायला.

नवीन टायटलसाठी काही भारी सुचलं वगैरे नाही, मी फक्त जुने व्हॉट्सॲप मेसेज वर वर सरकवत वाचले. नोकरी करणारा माणूस "मला इंग्रजी शिकायचंय" असं लिहितच नाही हो. तो लिहितो, "मॅम समजतं सगळं पण मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की ततपप होतं." चाकणच्या एका सुपरवायझरने लिहिलं होतं की ऑडिटवाले आले की तो मुद्दाम स्टोअरकडे निघून जातो. आणि जवळपास प्रत्येकाचा दुसरा प्रश्न टायमिंगचा, फीचा नाही. शिफ्ट, लोकल, पोरांचं जेवण, हे सगळं उरकून कधी?

मग हे झालं:

टायटल: "नोकरी करणाऱ्यांसाठी स्पोकन इंग्लिश, रात्री ९:३० ची बॅच"

डिस्क्रिप्शन: "इंग्रजी समजतं, पण मीटिंगमध्ये बोलताना अडखळता? सोम ते गुरु रात्री ४५ मिनिटं, बॅचमध्ये ८ जण, १२ आठवडे. कॉल, रिपोर्टिंग, ऑडिट यांचा सराव."

यात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो "रात्री ९:३०" चा. मला भीती होती की वेळ टाकली तर अर्धे लोक तिथूनच परत जातील, आणि गेलेच, इन्क्वायऱ्या दिसण्याइतक्या कमी झाल्या. पण आता जो मेसेज येतो तो "टायमिंग काय" असा येत नाही, "पुढची बॅच कधी" असा येतो. पूर्वी दहा जणांशी बोलून एखादा यायचा, आता चार-पाचांत एक येतो, आणि माझी संध्याकाळ फोनवर जात नाही. "बॅचमध्ये ८ जण" हे पण कामाचं निघालं, कारण ३० जणांच्या झूम कॉलवर आपल्याला बोलायला मिळणार नाही हे लोकांना एकदा पैसे घालवून कळलेलं असतं.

लांबीबद्दल एक सांगते कारण मी यात फसले. सगळे सांगतात टायटल ६० अक्षरांत बसवा. पण हे आकडे रोमन लिपीवरून आलेत आणि मुळात गूगलची अशी ठरलेली मर्यादा नाही, स्क्रीनवर किती रुंदी मावते त्यावर ते कापलं जातं. शिवाय मोजणारं टूल आपला काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजतं, म्हणजे "इंग्लिश" दिसायला तीन अक्षरं पण टूल म्हणतं सात. त्यामुळे मी उगाच चांगले शब्द कापत बसले होते. आता सरळ मोबाइलवर शोधून बघते कुठे टिंबं येतात ते, आणि कोणासाठी हे पहिल्या चार शब्दांतच संपवते, मागचं कापलं गेलं तरी चालतं.

आता तक्रारीची गोष्ट. तुम्ही डिस्क्रिप्शन कितीही छान लिहा, गूगल तेच दाखवेल असं नाही. माणसाने जे टाइप केलं त्याला पेजवरची दुसरी ओळ जास्त जुळली तर ते ती उचलतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, जिथे पेज कोणत्या शोधांवर दिसतं ते कळतं, बघितलं तर "spoken english course fees marathi" अशा शोधांवर पेज दिसत होतं पण क्लिक जवळजवळ नाहीच. स्वतः शोधून बघितलं तर टायटलखाली काय, तर पेजच्या तळाशी लिहिलेलं "डेमोनंतर भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही"!! कोण क्लिक करेल. फी शब्द पेजवर फक्त तिथेच होता ना. (आणि नियम पण काय उर्मट भाषेत लिहिला होता मी.)

मग दोन गोष्टी केल्या. वरच्या भागात साधं वाक्य टाकलं, १२ आठवड्यांची फी किती, दोन हप्त्यांत भरता येते, पहिला डेमो फुकट. आणि तो नियम जरा माणसासारखा लिहून त्याच्याभोवती हे लावलं, म्हणजे गूगल तो तुकडा रिझल्टमध्ये दाखवत नाही:

```
<span data-nosnippet>डेमोनंतर फी परत मिळत नाही, म्हणून डेमो नक्की बघा.</span>
```

पेजवर तो माणसांना दिसतोच, लपवलेला नाही. दोनेक आठवड्यांनी रिझल्टमध्ये फीचं नवीन वाक्य यायला लागलं आणि त्या शोधांवरून क्लिक येऊ लागले. डिस्क्रिप्शनमुळे नंबर वर जातो असं मला एकाने पैसे घेऊन सांगितलं होतं, तसं नसतं, गूगल ते क्रमासाठी धरत नाही. ते फक्त दिसल्यावर बोट पडावं म्हणून असतं.

माझे निम्मे लोक तर गूगलवरून येतच नाहीत, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून येतात. तिथे लिंकखाली जे दिसतं ते पेजच्या कोडमधल्या og:title आणि og:description या वेगळ्या ओळींमधून येतं, आणि माझ्याकडे ते जुनंच राहिलं होतं! म्हणजे पेज सुधारून तीन महिने झाले आणि ग्रुपमध्ये अजून "३० दिवसांत फाडफाड" फिरतंय. बदलल्यावरही माझ्या फोनवर जुनंच दिसत होतं, मग लिंकच्या शेवटी ?v=2 लावून पाठवलं तेव्हा नवीन आलं. आधी गेलेल्या मेसेजमधलं काही बदलत नाही, ते तसंच राहणार. परवाच एकाने त्या जुन्या मेसेजवरून फोन केला, ३० दिवसांचं विचारत होता. त्याला १२ आठवडे सांगितले तर म्हणाला, "बरं झालं, मला वाटलंच होतं खोटं आहे," आणि डेमोला आला.

आता सकाळी ६:४५ ची बॅच सुरू करतेय, फर्स्ट शिफ्ट नसलेल्यांसाठी. नवरा म्हणतो त्याच टायटलमध्ये घाल, मी वेगळं पेज करतेय, कारण एका टायटलमध्ये दोन वेळा घातल्या की मोबाइलवर दुसरी वेळच कापली जाते, करून बघितलंय.