खाणीच्या भरावावर गोडाऊन: उकरून रोलर मारायचा की वरून वजन आपटायचं?

ज्यांच्याकडे जुना खाणीचा खड्डा मुरूम-डबर-राडारोड्याने भरलेला प्लॉट आहे आणि त्यावर शेड उभी करायचीय त्यांच्यासाठी लिहितोय. आमचा भराव साधारण ६ मीटर होता, खाली काळा कातळ, पाणी त्यातल्या त्यात खोल. पर्याय दोनच उरले होते, सगळं उकरून थराथराने परत भरायचं किंवा डायनॅमिक कॉम्पॅक्शन, म्हणजे क्रेनने वजन उचलून सोडून द्यायचं. स्टोन कॉलमवाले येऊन गेले, पण त्यांचा व्हायब्रेटर डबरात उतरेना म्हणून तो विषय तिथेच संपला.

उकरून भरायचं हा पर्याय खरं सांगायचं तर जास्त निर्धास्त आहे. प्रत्येक थर डोळ्यासमोर होतो, कन्सल्टंटला आवडतो, क्लायंटला समजतो. भराव तीनेक मीटरच असेल तर मी आजही तेच करीन, क्रेन आणायच्या खर्चात रोलरचं काम होऊन जातं.

पण मला ज्याने वैताग आणला ते म्हणजे दगड वेचणं. एका कोपऱ्यात आम्ही नमुन्यादाखल उकरून भरून पाहिलं. ३०० मिलिमीटरचा थर म्हटला की साधारण २०० च्या वरचा दगड बाहेर काढावा लागतो, नाहीतर रोलर त्या दगडावर चढतो आणि बाजूची माती पोकळच राहते. आणि खाणीच्या भरावात २०० च्या वरचा दगड म्हणजे काय विचारता, निम्मा माल तोच वाटायला लागतो. पोकलेन उकरतो, चार माणसं दगड बाजूला ओढतात, दगडांचा ढीग वाढत जातो, तो ठेवायला प्लॉटवर जागा नाही, आणि तेवढा माल बाहेर गेला की भरायला मुरूम विकत आणा. वर प्रत्येक थराची घनता तपासायची तर सँड रिप्लेसमेंटचा खड्डाच नीट होत नाही, कडेला एक धोंडा निघाला की खड्डा वेडावाकडा आणि आकडा निरर्थक, मग लॅबचा मुलगा जिथे बारीक माल दिसतो तिथे जाऊन टेस्ट घेतो आणि सगळे रिपोर्ट छान येतात 😀 सहा मीटर म्हणजे असे वीसेक थर. तिथेच माझं मन फिरलं.

आता दुसरी बाजू. वजन आपटण्यात दगड वेचायचा प्रश्नच नाही, उलट डबर असलेला, पाणी निचरणारा माल त्याला मानवतो. प्रश्न एकच असतो, परिणाम किती खोल जाणार? फ्रान्समध्ये लुई मेनार्ड यांनी १९७० च्या आसपास ही पद्धत नावारूपाला आणली, सुरुवातीला हिशोब नुसता वजन गुणिले उंची आणि त्या गुणाकाराचं वर्गमूळ असा होता. तो आकडा फार आशावादी निघाला म्हणून नंतर पुढे एक गुणक आला:

D = n√(WH)

W म्हणजे वजन टनांत, H म्हणजे उंची मीटरमध्ये, D म्हणजे परिणामाची खोली मीटरमध्ये. सगळी गंमत n मध्ये आहे. स्वच्छ वाळू-दगडाला ०.५ च्या आसपास धरतात, गाळ-मातीचं प्रमाण वाढलं की ०.३५ ते ०.४. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण करून बघा: १२ टन वजन १५ मीटरवरून सोडलं तर वर्गमूळ १३.४, म्हणजे ०.५ ने ६.७ मीटर, आणि ०.४ ने ५.४ मीटर. आमचा भराव ६ चा. एका गुणकाने काम होतं, दुसऱ्याने तळ कच्चा राहतो. आम्हाला आलेल्या एका कोटेशनमध्ये ०.५ धरून १२ टन पुरेल असं लिहिलेलं होतं, आणि मालात मुरूम किती, राडारोड्यात माती किती याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. कोटेशन हातात आलं की आधी n कुठून आणला ते विचारा.

दुसरं, D पर्यंत सगळं सारखंच घट्ट होतं असं समजू नका. सगळ्यात जास्त सुधारणा D च्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत मिळते, त्याखाली कमी कमी होत जाते आणि D वर जेमतेम कळण्याइतकीच. आणि ट्रकने कडेवरून ढकललेल्या भरावात मोठे धोंडे घरंगळत तळाशी जातात, त्यामुळे पोकळ्याही नेमक्या तिथेच. म्हणून D भरावाच्या जाडीला जेमतेम टेकवू नये असं माझं मत आहे, पटेल तर घ्या.

आम्ही १५ टन, १५ मीटर उंची घेऊन एका तुकड्यावर ट्रायल घेतली. ५ मीटरची चौकट, प्रत्येक बिंदूवर १० आघात, मग चौकटींच्या मधल्या बिंदूंवर परत १०. ऊर्जेचा हिशोब: १० × १५ × १५ भागिले २५, म्हणजे एका फेरीत चौरस मीटरला ९० टन-मीटर, दोन फेऱ्यांत १८०, सहा मीटरवर वाटली तर घनमीटरला ३०. मातीमिश्रित मालाला साधारण २५ ते ३५ लागतात, म्हणजे बसलं. पृष्ठतरंगांची चाचणी आधी आणि नंतर केली (डबरात एसपीटीचा भरवसा नाही, धोंडा लागला की रिफ्युजल). फरक साडेपाच मीटरपर्यंत स्पष्ट दिसला, अर्धा मीटर इकडेतिकडे. √२२५ म्हणजे १५, तर आमचा n निघाला ०.३७ च्या आसपास. मग उंची १८ केली, वर्गमूळ १६.४, D सहाच्या थोडा वर. तळाला थोडं आणखी हवं होतं पण त्या क्रेनने त्याहून वर जमत नव्हतं. तळाची जी काही शंका उरली ती फाउंडेशनवाल्याला आधीच सांगून ठेवली, त्याने फुटिंगवरचा दाब कमी धरला.

साइटवर एकच गोष्ट सोडू नका: प्रत्येक आघातानंतर वजनाच्या माथ्याची लेव्हल घ्या. खड्डा आघातागणिक कमी कमी खचत गेला पाहिजे. तो तेवढाच खचत राहिला आणि कडेची जमीन फुगून वर यायला लागली तर माल दबत नाहीये, नुसता बाजूला सरकतोय, बहुतेक पाणी अडकलंय. थांबा, पाण्याचा दाब उतरू द्या, मग पुढची फेरी. पाणी वरच्या दोनेक मीटरमध्ये असेल तर सुरूच करू नका, पावसाळ्यात तर नाहीच. खड्डे मुरूम-दगडाने भरून शेवटी कमी उंचीवरून सगळ्या पृष्ठभागावर एक फेरी मारावी लागते, कारण वरचा मीटरभर थर आपटण्याने उलट सैल झालेला असतो. तेवढ्यापुरता रोलर इथेही लागतोच.

कमतरता? हादरे. तीसेक मीटरच्या आत कुणाचं घर असेल, विशेषतः जुन्या दगडी बांधणीचं, तर माझ्या मते हा नाद सोडा. खाली कातळ असला की हादरे आणखी लांब जाऊ शकतात. आमच्या शेजारी शेतं होती म्हणून निभावलं, तरी पहिल्या दिवशी दूरच्या वस्तीतले काका विचारायला आलेच, स्फोट करताय का म्हणून.

तर आजूबाजूला मोकळं, पाणी खोल, भराव पाच-सात मीटर आणि डबरयुक्त असेल तर मी वजनाकडे झुकेन. फक्त ट्रायलचा तुकडा वेगळ्या पैशाने टेंडरमध्ये टाका आणि n तिथून काढून मगच उंची ठरवायची अशी अट घाला, नाहीतर ठेकेदार यार्डात पडून असलेलंच वजन घेऊन येतो.