बारा ठिपके की एक पट्टी?

म्हापशातल्या आमच्या मासळीच्या शीतगृहासाठी फोनवर दोन मांडण्या वापरून पाहिल्या. पहिलीत सहा खोल्यांचं तापमान आणि कंप्रेसरचा दाब असे १२ आकडे, प्रत्येकापुढे लाल किंवा हिरवा ठिपका. दुसरीत सगळं ठीक असेल तर निळ्या पट्टीवर एवढंच: ‘✓ सगळ्या खोल्या ठीक’. एखादी खोली −१८ अंशांच्या वर २० मिनिटं राहिली, की नारिंगी पट्टीवर काळ्या ठळक अक्षरांत ‘▲ खोली ४: −११°’.

फरक कळला तो दादामुळे. त्याला लाल आणि हिरवा दोन्ही मातकट पिवळे दिसतात, त्यामुळे पहिल्या मांडणीत तो एकेक आकडा वाचत बसायचा. भर उन्हात माल उतरवताना ते कसं जमणार? निळा (#0072B2) आणि नारिंगी (#E69F00) त्याला चटकन वेगळे दिसतात. फोन ग्रेस्केलवर टाकून पाहिला, तर आमचे लाल-हिरवे ठिपके सारखेच राखाडी झाले. त्रिकोण आणि शब्द मात्र तसेच राहिले.

रोजच्या नजरेला दुसरीच बरी. पहिली मी काढून टाकलेली नाही. बिघाडाचं कारण शोधताना ते सगळे आकडे लागतात, म्हणून पट्टीवर बोट टेकवलं की ती उघडते.

सेन्सर बंद पडला तर मात्र निळी पट्टी दिसता कामा नये. तेव्हा राखाडी पट्टी येते: ‘? खोली २: १० मिनिटं माहिती नाही’.